बायबलातली पुस्तकं कोणी ठरवली, आणि ६६ की ७३?

प्रश्न: आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, माझी मामी वसईची कॅथलिक. तिच्या बायबलात ७३ पुस्तकं आहेत, आमच्या बायबलात ६६. मामी म्हणते, ल्यूथरने सात पुस्तकं काढून टाकली. आमचे पाळक म्हणतात, पोपने ती मागाहून घातली. एका व्हिडिओत ऐकलं की नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन सगळं ठरवलं. खरं काय?

उत्तर:

मामीच्या आणि पाळकांच्या म्हणण्यात प्रत्येकी थोडं तथ्य आहे. व्हिडिओतल्या दाव्यात काहीही तथ्य नाही, म्हणून आधी तो बाजूला करतो. नायसियाची परिषद ३२५ साली भरली. येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही, अशी एरियस नावाच्या धर्मगुरूची शिकवण होती. तिथे तिच्यावर वाद झाला, पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी पाळायचा ते ठरलं आणि शिस्तीचे वीस नियम झाले. ते वीस नियम आजही वाचायला मिळतात. कोणतं पुस्तक पवित्र शास्त्रात घ्यायचं आणि कोणतं नाही, याबद्दल त्यांत एक शब्द नाही. नायसियात पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खरी पुस्तकं आपोआप वेदीवर चढली, ही कथा नवव्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात पहिल्यांदा येते, म्हणजे परिषदेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी. आजचा 'मतदाना'चा किस्सा तिचाच नातेवाईक आहे.

चर्चचा इतिहास शिकवताना मला हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं उत्तर नीट समजायचं तर एक गोष्ट पक्की धरून चालावं लागतं. आज आपण विचारतो, 'बायबलात कोणती पुस्तकं आहेत?' पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न पडणं कठीण होतं, कारण त्याच्या हातात एका बांधणीचं बायबल नव्हतंच. त्याचा प्रश्न होता, 'रविवारी उपासनेत उभं राहून मोठ्याने काय वाचायचं?' इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी सगळे एकत्र जमतात आणि वेळ असेल तोवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात. 'प्रेषितांच्या आठवणी' म्हणजे शुभवर्तमानं. ती यहुदी संदेष्ट्यांच्या बरोबरीने वाचली जात होती, यातच प्रमाणग्रंथाचं बीज आहे.

ही पुस्तकं प्रत्यक्षात कशी असायची, याचं एक विलक्षण चित्र सरकारी दप्तरात राहून गेलं आहे. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने हुकूम काढला की ख्रिस्ती लोकांची शास्त्रं जप्त करून जाळावीत. त्या वर्षी १९ मे रोजी उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टँटिनला, नगराचा अधिकारी कारकून घेऊन ख्रिस्ती लोक जमत त्या घरी आला. त्याने शास्त्रं मागितली. पौल नावाच्या बिशपने सांगितलं, पुस्तकं वाचकांकडे, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्या सेवकांकडे आहेत. तिथे हाती लागला एकच मोठा ग्रंथ. उपसेवकांनी खुलासा केला की आम्ही उपसेवक, बाकीचे ग्रंथ वाचकांच्या घरी असतात. मग अधिकारी घरोघर गेला. व्हिक्टोरिनसच्या घरून आठ ग्रंथ मिळाले. व्याकरण शिकवणाऱ्या व्हिक्टरकडून दोन ग्रंथ आणि चार सुटी जुडगी मिळाली. कोडिओ घरी नव्हता, त्याच्या बायकोने सहा आणून दिले आणि शिपायांनी घर धुंडाळून आणखी काही नाही याची खात्री करून घेतली. कारकुनाने हे सगळं टिपून ठेवलं.

या नोंदीकडे मी विद्यार्थ्यांचं लक्ष मुद्दाम वेधतो. एका मंडळीचं 'पवित्र शास्त्र' म्हणजे पाच-सात घरांत विखुरलेले डझनावारी सुटे ग्रंथ होते. पुस्तकं अशी सुटी असताना त्यांची सीमारेषा बांधणीने ठरत नाही, ती वापराने ठरते. आणि छळाच्या काळात ही सीमारेषा जिवावर बेतणारी झाली. शास्त्र हवाली करणं हे धर्मद्रोहाचं पाप मानलं जाई. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस याने सांगितलं की त्याने खरी शास्त्रं लपवली आणि पाखंडी लोकांची पुस्तकं चर्चमध्ये ठेवून दिली, शिपाई तीच घेऊन गेले. हे करायला कोणतं पुस्तक शास्त्र आहे आणि कोणतं नाही हे त्याला ठाऊक असलंच पाहिजे. म्हणजे परिषदांनी याद्या करण्याच्या जवळजवळ शतकभर आधी यादीचा गाभा लोकांच्या मनात पक्का होता.

तो पक्का कसा झाला, हे एका प्रकरणातून सांगतो. सुमारे २०० साली सेरापियन हा सिरियातल्या अंत्युखियाचा बिशप होता. त्याच्या देखरेखीखाली किनाऱ्यावरचं र्‍होसस हे गाव होतं. तिथल्या मंडळीत एका पुस्तकावरून कुरबूर चालली होती, नाव 'पेत्राचं शुभवर्तमान'. सेरापियन तिथे गेला, त्याला वाटलं सगळ्यांचा विश्वास ठीक आहे, आणि पुस्तक न वाचताच तो म्हणाला, एवढ्यावरून भांडण होत असेल तर वाचा. परत आल्यावर त्याच्या कानावर आलं की या पुस्तकाच्या आडून काही जण शिकवताहेत की येशूचं शरीर खरं नव्हतं, नुसता भास होता. तेव्हा त्याने त्याच विचाराच्या लोकांकडून ते पुस्तक मागवलं आणि वाचलं. नंतर र्‍होससच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की पेत्र आणि इतर प्रेषितांना आम्ही ख्रिस्ताप्रमाणेच मानतो, पण त्यांच्या नावावर खपवलेलं लेखन आम्ही नाकारतो, कारण अशी पुस्तकं आमच्या वाडवडिलांकडून आमच्यापर्यंत आलेली नाहीत. त्याने हेही प्रामाणिकपणे लिहिलं की पुस्तकातला बराच भाग योग्य शिकवणीला धरून आहे, काही गोष्टी मात्र वरून घातलेल्या आहेत. त्या गोष्टी त्याने वेगळ्या काढून पाठवल्या.

हे पत्र चौथ्या शतकातल्या यूसेबियस या बिशपने आपल्या चर्चच्या इतिहासात जपून ठेवलं. खुद्द पुस्तक हरवलं होतं. १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमधल्या अखमीमला एका थडग्यात त्याचा तुकडा सापडला आणि सेरापियनला काय खटकलं असेल ते आपल्यालाही पाहता आलं. त्यात वधस्तंभावर येशू 'जणू काही वेदना नसल्यासारखा' गप्प राहतो. कबरेतून तीन पुरुष बाहेर येतात, दोघांची डोकी आकाशाला टेकलेली, तिसऱ्याचं आकाशाच्याही वर. त्यांच्यामागून वधस्तंभ चालत येतो, आकाशातून वाणी विचारते, 'झोपलेल्यांना संदेश दिलास का?' आणि वधस्तंभ उत्तर देतो, 'होय'. मार्काचं शुभवर्तमान शेजारी ठेवून वाचा, फरक सांगावा लागत नाही.

सेरापियनच्या निर्णयात तीन कसोट्या एकत्र आल्या आहेत. पुस्तक प्रेषितांच्या काळापर्यंत आणि वर्तुळापर्यंत पोचतं का? मंडळीला मिळालेल्या विश्वासाशी जुळतं का? आणि ठिकठिकाणच्या मंडळ्यांमध्ये पूर्वापार वाचलं जात आलं आहे का? कोणी बसून या कसोट्या आधी लिहून काढल्या नव्हत्या. अशी प्रकरणं समोर येत गेली तशा त्या उमटल्या. मार्सियन नावाच्या एका शिक्षकाने १४४च्या सुमारास रोममध्ये जुना करार पूर्ण नाकारून फक्त काटछाट केलेलं लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं एवढंच शास्त्र ठेवलं, त्यामुळे या प्रक्रियेला वेग आला. पण चार शुभवर्तमानं त्याच्या उत्तरादाखल जन्मली नाहीत. १८०च्या सुमारास लिओंचा बिशप आयरेनियस चारच का, याची कारणं जगाच्या चार दिशांत आणि चार वाऱ्यांत शोधतो. असली कारणं माणूस तेव्हाच शोधतो, जेव्हा चार ही संख्या आधीच ठरून गेलेली असते.

आता नीट लक्ष द्या, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. त्या काळी पुस्तकांचे दोन नव्हे तर तीन वर्ग होते. मुराटोरी या इटालियन विद्वानाने मिलानच्या ग्रंथालयात शोधून १७४०मध्ये छापलेली एक जुनी लॅटिन यादी आहे, बहुतेक अभ्यासक ती दुसऱ्या शतकाच्या अखेरची मानतात. तीत 'हर्मासचा मेंढपाळ' या रोममध्ये अतिशय आवडीने वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाबद्दल म्हटलं आहे की ते अगदी अलीकडचं आहे, ते जरूर वाचावं, पण उपासनेत संदेष्ट्यांच्या किंवा प्रेषितांच्या बरोबरीने वाचू नये. म्हणजे पुस्तक चांगलं, विश्वास वाढवणारं, तरीही प्रमाण नाही. यूसेबियस ३२५च्या आसपास लिहिताना सर्वमान्य, वादग्रस्त आणि बनावट असा भेद करतो. याकोब, यहूदा, दुसरं पेत्र, दुसरं आणि तिसरं योहान ही पत्रं तो वादग्रस्तांत टाकतो. प्रकटीकरण कुठे ठेवावं हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो ते सर्वमान्य आणि बनावट अशा दोन्हीकडे नोंदवतो.

३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने आपल्या नेहमीच्या सणपत्रात यादी दिली. नव्या कराराची आपली २७ पुस्तकं, तितकीच आणि तीच, आपल्याला माहीत असलेल्या याद्यांत पहिल्यांदा तिथे दिसतात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पत्राचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तो म्हणतो, याखेरीज आणखी पुस्तकं आहेत, ती प्रमाणयादीत नाहीत, पण नव्याने येणाऱ्यांना शिकवण्यासाठी वाचावीत असं वडीलधाऱ्यांनी ठरवून दिलं आहे. त्यांत शलमोनाचा ज्ञानग्रंथ, सिराहचा ग्रंथ, यहूदीथ, टोबीत, हर्मासचा मेंढपाळ, प्रेषितांची शिकवण आणि चक्क एस्तेर आहे. तुमच्या ६६ पुस्तकांतलं एस्तेर त्याच्या मधल्या वर्गात आहे, आणि बारूख, जे मामीच्या बायबलात आहे पण तुमच्यात नाही, ते त्याच्या वरच्या वर्गात यिर्मयाबरोबर आहे. चौथ्या शतकातला सर्वांत नावाजलेला बिशपसुद्धा आजच्या कोणत्याच यादीत नेमका बसत नाही.

नव्या करारापुरता हा मधला वर्ग हळूहळू रिकामा झाला. पश्चिमेला इब्री लोकांस पत्राबद्दल शंका होती, पूर्वेला प्रकटीकरणाबद्दल. दोन्ही बाजूंनी एकमेकांची पुस्तकं स्वीकारली. ३९३ला हिप्पो आणि ३९७ला कार्थेज इथल्या आफ्रिकी परिषदांनी हीच २७ पुस्तकं नोंदवली. या प्रादेशिक परिषदा होत्या, साऱ्या जगाला बांधणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कोणतंही नवं पुस्तक आत आणलं नाही, लोक जे वाचत होते तेच लिहून ठेवलं. सगळीकडे हे एकाच वेळी झालं असंही नाही. सिरियाक भाषेतल्या पेशित्ता बायबलात २२च पुस्तकं होती: दुसरं पेत्र, दुसरं-तिसरं योहान, यहूदा आणि प्रकटीकरण तीत नव्हतं. केरळचे संत थॉमस ख्रिस्ती शतकानुशतकं तेच वापरत. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १५९९मध्ये उदयंपेरूरला जी सभा बोलावली, तिने ही राहिलेली पुस्तकं त्यांच्या ग्रंथांत घालायचा हुकूम काढला. म्हणजे आपल्या देशात, आपल्या किनाऱ्यावर, हा प्रश्न सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जिवंत होता.

तुमचा आणि मामीचा नवा करार अक्षरशः सारखाच आहे. फरक सगळा जुन्या करारात आहे. टोबीत, यहूदीथ, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, सिराहचा ग्रंथ, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तकं, ही ती सात. शिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांत काही जास्तीचे भाग आहेत.

ही पुस्तकं ख्रिस्ती लोकांनी लिहिली नाहीत, यहुद्यांनी लिहिली, ख्रिस्तपूर्व शेवटच्या दोन-तीन शतकांत आणि थोडी नंतर. काही मूळ इब्री किंवा अरामी होती. सिराहच्या इब्री मजकुराचा मोठा भाग कैरोच्या सभास्थानातल्या जुन्या कागदांत १८९६मध्ये ओळखला गेला, पुढे मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांत सिराह आणि टोबीत दोन्हींचे तुकडे मिळाले. पण ख्रिस्ती मंडळ्यांपर्यंत ती ग्रीक भाषेतून पोचली, कारण पहिल्या ख्रिस्ती लोकांचं जुन्या कराराचं वाचन ग्रीकमधूनच चाले. यहुदी समाजाने मात्र पहिल्या-दुसऱ्या शतकात आपली इब्री यादी पक्की केली, आणि ही पुस्तकं तीत आली नाहीत. इ.स. ९५च्या सुमारास योसेफस हा यहुदी इतिहासकार २२ पुस्तकं सांगतो. मोजण्याची पद्धत वेगळी, पण मजकूर बहुधा तोच, जो तुमच्या ३९ पुस्तकांत आहे. हे सगळं ९०च्या सुमारास याम्निया गावी रब्बींच्या 'परिषदेत' ठरलं, असं जुन्या पुस्तकांत तुम्हाला वाचायला मिळेल. ती कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे, अभ्यासकांनी ती आता सोडून दिली आहे.

'ग्रीक बायबल म्हणजे कॅथलिक जुना करार' हे समीकरणही तपासून घ्यायला हवं. चौथ्या-पाचव्या शतकांतले तीन मोठे ग्रीक हस्तलिखित ग्रंथ आपल्याकडे आहेत. व्हॅटिकन ग्रंथात मक्काबींचं एकही पुस्तक नाही. सिनाई ग्रंथात पहिलं आणि चौथं आहे. अलेक्झांड्रियन ग्रंथात चारही आहेत. म्हणजे ग्रीक वाचणाऱ्यांकडेही कडेची रेषा पुसट होती.

त्या पुसट रेषेवर दोन थोर माणसं समोरासमोर आली. जेरोम बेथलेहेमला राहून इब्रीवरून लॅटिन भाषांतर करत होता. त्याचं म्हणणं होतं, मूळ झरा इब्री आहे, म्हणून इब्री यादीबाहेरची पुस्तकं प्रमाण नाहीत. शलमोनाच्या ग्रंथांच्या प्रस्तावनेत त्याने नेमकी मधल्या वर्गाची भाषा वापरली: मंडळी यहूदीथ, टोबीत, मक्काबी वाचते, पण प्रमाणशास्त्रात धरत नाही. तसंच ज्ञानग्रंथ आणि सिराह लोकांच्या उन्नतीसाठी वाचावेत, पण धर्मसिद्धान्त त्यांच्यावरून सिद्ध करू नयेत. टोबीतचं भाषांतर त्याने मित्र बिशपांच्या आग्रहाखातर एका दिवसात उरकलं, हे तो स्वतःच सांगतो.

हिप्पोचा ऑगस्टीन वेगळ्या ठिकाणाहून विचार करत होता. तो बिशप होता, दर आठवड्याला लोकांपुढे उभा राहायचा. त्याची कसोटी होती, मंडळ्यांमध्ये काय वाचलं जातं? ज्ञानग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत वाचला जातो आहे, लोक तो देवाचा शब्द म्हणून ऐकतात, मग तो कोणत्या भाषेत होता यावर त्याचं प्रामाण्य का अवलंबून ठेवायचं? हिप्पो आणि कार्थेजच्या याद्यांत म्हणूनच टोबीत, यहूदीथ आणि मक्काबींची दोन पुस्तकं आहेत, आणि शलमोनाची पुस्तकं पाच मोजली आहेत, म्हणजे ज्ञानग्रंथ आणि सिराह धरून. पाळकांना हे जरूर दाखवा: ही यादी ३९७ची आहे, ल्यूथरच्या ११०० वर्षं आधीची. आणि मामीला जेरोम दाखवा.

मला विचाराल तर दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे, आणि दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. एक विचारत होता, सिद्धान्ताला आधार कुठला? दुसरा विचारत होता, मंडळी काय ऐकते? हजार वर्षं पश्चिमेने दोन्ही उत्तरं एकाच ग्रंथात सांभाळली, तीही शब्दशः. मध्ययुगातली लॅटिन हस्तलिखितं उघडलीत तर टोबीत आणि यहूदीथ आत असतात, आणि त्याच ग्रंथात जेरोमच्या प्रस्तावनाही नक्कल केलेल्या असतात, ज्यांत तो म्हणतो ही पुस्तकं प्रमाणयादीबाहेरची आहेत. उपासनेत ती वाचली जात, विद्वान त्यांच्याबद्दल वेगवेगळी मतं बाळगत, आणि कोणाला निकाल लावायची निकड वाटत नव्हती. १४४२मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने लांब यादी दिली, पण तीही ती न मानणाऱ्याला बहिष्कृत करण्यासाठी नव्हती.

निकड १५१९च्या जुलैत लाइपझिगच्या किल्ल्यात आली. मार्टिन ल्यूथर आणि कॅथलिक बाजूचे पंडित योहान एक यांचा जाहीर वाद चालला होता आणि विषय शुद्धिस्थानावर, म्हणजे मेल्यानंतर आत्म्यांचं शुद्धीकरण होतं त्या अवस्थेवर आला. योहान एकने मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय पुढे केला. तिथली गोष्ट अशी: लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांची प्रेतं पुरायला यहूदा मक्काबी जातो, तेव्हा प्रत्येकाच्या अंगरख्याखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. देवाने मनाई केलेली ही वस्तू. यहूदा लोकांकडून चांदीची दोन हजार द्राख्मांच्या घरात वर्गणी गोळा करतो आणि पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो, आणि मृतांची पापातून सुटका व्हावी म्हणून प्रार्थना होते. मेलेल्यांसाठी प्रार्थना उपयोगी पडते याला जुन्या करारातला इतका सरळ आधार दुसरा नाही.

ल्यूथरने तेव्हा शुद्धिस्थान नाकारलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. त्याने उत्तर दिलं की हे पुस्तक प्रमाणयादीत नाही, श्रद्धावंतांसाठी त्याला वजन आहे, पण न मानणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून ते चालत नाही. हा थेट जेरोमचा नियम होता. योहान एक म्हणाला, इब्री यादीत ते नाही हे मला ठाऊक आहे, पण मंडळीने ते स्वीकारलं आहे. आणि त्याने ऑगस्टीनचा दाखला दिला. त्यावर ल्यूथर म्हणाला, एखाद्या पुस्तकाला स्वतःत जितकं सामर्थ्य आहे त्याहून अधिक मंडळी त्याला देऊ शकत नाही. हजार वर्षं शेजारी शेजारी राहिलेली दोन उत्तरं त्या दिवशी एकमेकांविरुद्ध उभी राहिली, कारण आता त्यांच्यावर एक सिद्धान्त तोलला जात होता.

मामीचं 'ल्यूथरने काढली' इथे सुधारून घ्यावं लागतं. ल्यूथरच्या १५३४च्या जर्मन बायबलात ही पुस्तकं आहेत. दोन्ही करारांच्या मध्ये, वेगळ्या विभागात, आणि मथळ्यावर लिहिलं आहे की ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची मानली जात नाहीत, तरी वाचायला उपयुक्त आणि चांगली आहेत. १६११चं इंग्रजी राजा जेम्सचं बायबलही तीच मांडणी करतं. अँग्लिकन चर्चचा सहावा धर्मलेख जेरोमचं नाव घेऊन सांगतो की चर्च ती पुस्तकं आचरणाच्या शिकवणीसाठी वाचतं, पण त्यांवरून सिद्धान्त स्थापत नाही. म्हणजे सुरुवातीच्या प्रोटेस्टंटांनी तिसरा वर्ग मोडला नव्हता, उलट बायबलाच्या बांधणीतच त्याला स्वतंत्र जागा दिली होती.

ल्यूथरने नव्या करारातही हात घालून पाहिला. १५२२च्या त्याच्या नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण शेवटी टाकली होती आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांक दिला नव्हता. पण ते टिकलं नाही. जुन्या करारात त्याच्या हातात यहुद्यांची एक जिवंत, निराळी यादी होती, जिच्याकडे बोट दाखवता येत होतं. नव्या कराराला अशी प्रतिस्पर्धी यादी पश्चिमेत अकराशे वर्षांत उरलेलीच नव्हती, म्हणून त्याचे अनुयायीही तिथे त्याच्यामागे गेले नाहीत.

दुसऱ्या बाजूने उत्तर ८ एप्रिल १५४६ला आलं. ट्रेंटच्या परिषदेने पूर्ण यादी दिली आणि म्हटलं की ही पुस्तकं, त्यांच्या सगळ्या भागांसह, 'कॅथलिक चर्चमध्ये जशी वाचली जात आली आहेत' तशी जो पवित्र आणि प्रमाण मानणार नाही तो बहिष्कृत असो. वाचलं जाणं ही कसोटी, ऑगस्टीनची, इथे शब्दांत उतरली. पाळकांचं 'पोपने मागाहून घातली' हे म्हणणं पुस्तकांबद्दल चुकीचं आहे, यादी कार्थेजची आणि फ्लॉरेन्सचीच होती. नवं होतं ते बंधन. चौदा वर्षं आधीच, १५३२मध्ये, कार्डिनल कायेतान, ज्याने ल्यूथरची ऑग्सबर्गला चौकशी केली होती, त्याने एस्तेरवरचं भाष्य संपवताना जेरोमचाच भेद मान्य केला होता. १५३२मध्ये एक कार्डिनल असं लिहू शकत होता. १५४६नंतर कोणी लिहू शकलं नाही. कॅथलिक बाजूने मधला वर्ग वरच्या वर्गात विलीन झाला.

प्रोटेस्टंट बाजूने तो खाली ढकलला जायला आणखी वेळ लागला. १६४०च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रकाने ही पुस्तकं इतर मानवी लिखाणाहून अधिक अधिकाराची नाहीत असं ठरवलं. यात जेरोमचं 'लोकांच्या उन्नतीसाठी वाचावीत' हे अर्धं वाक्य गळून पडलं. तरी छापलेल्या बायबलांतून ती पुष्कळ ठिकाणी निघत राहिली. ती खरोखर नाहीशी झाली १८२०च्या दशकात. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीत स्कॉटलंडच्या सभासदांनी जोरदार हरकत घेतली, आणि सोसायटीने ही पुस्तकं असलेल्या बायबलांवर पैसा खर्च करायचा नाही असं ठरवलं. नेमक्या त्याच शतकात बायबल सोसायट्यांच्या मदतीने भारतीय भाषांत बायबलं छापली जाऊ लागली. मराठीतल्या प्रोटेस्टंट वाचकाच्या हाती त्यामुळे ६६ पुस्तकांचं बायबल पडलं, आणि मध्ये कधी काही होतं याची खूणही त्यात उरली नाही. वसईचा विश्वास पोर्तुगीज काळातला. तिथे पहिल्यापासून लांब यादी आली. तुमच्या घरातला फरक असा दोन वेगळ्या वाटांनी आलेला आहे.

वादात नेहमी येणाऱ्या एका मुद्द्याबद्दल सावध करतो. 'नव्या करारात या सात पुस्तकांतलं अवतरण नाही, म्हणून ती शास्त्र नाहीत', असं प्रोटेस्टंट बाजूने म्हटलं जातं. हा युक्तिवाद टिकत नाही. एस्तेर, उपदेशक, गीतरत्न यांचंही थेट अवतरण नव्या करारात नाही. उलट यहूदाचं पत्र हनोखाच्या ग्रंथातून नावानिशी अवतरण देतं, आणि तो ग्रंथ इथिओपिया आणि एरिट्रिया इथली चर्च सोडली तर कोणाच्याच यादीत नाही. कॅथलिक बाजूचा 'इब्री ११:३५ मध्ये दुसऱ्या मक्काबींच्या सातव्या अध्यायाचा संदर्भ आहे' हा मुद्दा खरा आहे, पण तोही अर्धाच पुरतो, कारण संदर्भ येणं आणि प्रमाण मानणं एक नाही.

मामीचं बायबल हाती आलं की दानीएल काढून पाहा. तुमच्या बायबलात बारा अध्याय आहेत, तिच्यात चौदा. तिसऱ्या अध्यायात, तिघे तरुण भट्टीत पडल्यानंतर, तुमच्या बायबलात गोष्ट लगेच राजाकडे वळते. तिच्यात मध्ये साठ-सत्तर ओव्यांची प्रार्थना आणि स्तोत्र आहे. तेरावा अध्याय सुसान्नेचा, चौदावा बेल आणि अजगराचा. मग ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय वाचा, 'नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत' अशी सुरुवात आहे. कॅथलिक दफनविधीत तो वाचला जातो, मामीने तो अनेकदा ऐकला असेल. १९६८ साली बायबल सोसायट्या आणि व्हॅटिकन यांच्यात एकत्र भाषांतरं करण्याची तत्त्वं ठरली. त्यानुसार निघालेल्या अनेक संयुक्त बायबलांत ही पुस्तकं दोन करारांच्या मध्ये, वेगळ्या विभागात छापतात. तुमचं आणि मामीचं एकत्र वाचन करायचं असेल तर तसली प्रत मिळवा.